पालकसभेनंतरची चिठ्ठी: वजाबाकीचे एक उदाहरण

प्रश्न: मी इंदूरच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. पालकसभेत मुलाच्या प्रगतीविषयी जे ठरते, ते पालकांना नंतर लिहून कसे कळवावे?

मीही इंदूरमध्येच प्राथमिक वर्गांना गणित शिकवतो आणि अशी चिठ्ठी सभेच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत, वर्गाच्या सामाईक गटावर न टाकता, त्या पालकांनाच पाठवतो. घरी मुलाचा अभ्यास प्रत्यक्ष जो घेतो, त्याला वाचता येईल अशा भाषेत ती असावी. आमच्याकडील मराठी घरांत तो मान बहुधा आजीचा असतो, त्यामुळे शाळेच्या हिंदी पत्राबरोबर मी मराठी मजकूरही जोडतो.

‘वजाबाकी कच्ची आहे’ एवढेच लिहिल्याने काहीच हाती लागत नाही. चूक नेमकी कोणती, हे लिहावे. एका मुलीने ५२ − २७ चे उत्तर कधी ३५, तर कधी १५ लिहिले होते. ३५ येते तेव्हा मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करते. १५ ची गोष्ट निराळी आहे. शाळेत पाच दशकांतले एक सुटे करून वर चार उरवतात, तर आजी जुन्या रीतीने हातच्याचा एक खालच्या दोनात मिळवून तीन करते. दोन्ही रीती बरोबरच आहेत, परंतु मुलीने त्या एकाच उदाहरणात वापरल्या आणि चारातून तीन वजा केले. आईवडिलांशी बोलून काय करायचे ते ठरल्यावर मी असे लिहिले:

‘आपली मुलगी बेरीज अचूक करते. वजाबाकीत ती दोन रीतींची सरमिसळ करते, म्हणून पुढील चार आठवडे घरी आणि शाळेत दशक सुटे करण्याचीच रीत वापरावी, असे ठरले. घरी आजी आठवड्यातून चार दिवस, दहा काड्यांच्या जुड्या सोडवून, रोज तीन उदाहरणे करून घेतील. मी दर शुक्रवारी वही पाहून चुकीच्या उत्तराचा प्रकार लिहून पाठवीन. शिकवणी लावण्याविषयी बोलणे झाले, मात्र निर्णय झाला नाही. माझ्याकडून काही चुकीचे नोंदले गेले असल्यास दोन दिवसांत कळवावे.’

शिकवणीचे वाक्य मी मुद्दाम ठेवतो, कारण सभेत नुसता निघालेला विषय महिन्याभराने ‘गुरुजींनीच सांगितले होते’ असा होऊन परत येतो. जबाबदारी लिहिताना ‘लक्ष द्यावे’ असे मोघम न लिहिता कोणी, काय, किती वेळा, हे लिहावे, आणि शिक्षकाच्या वाट्याचे कामही तितक्याच स्पष्टपणे नोंदवावे.

चार आठवड्यांनी घ्यायच्या पडताळणीत ४० − १६ सारखे, एककस्थानी शून्य असलेले एक उदाहरण अवश्य ठेवावे. तेथे ३६ आले तर पहिली चूक कायम आहे, १४ आले तर सरमिसळ अजून सुटलेली नाही, असे समजावे.