हरवलेल्या उत्तरपत्रिकेची आठवणीतून मांडणी

“मुख्य परीक्षेच्या सरावाची माझी उत्तरपत्रिका शिकवणीवर्गात जमा आहे. तिथला स्कॅन हरवला आणि माझ्या मोबाइलमधले फोटोही पुसले गेले. मांडणीवर अभिप्राय हवा होता. तोंडी वर्णन करून तो मिळेल का?”

फोंड्याहून आलेल्या या विद्यार्थिनीने बसताबसताच सांगितले, की अक्षर खराब आहे आणि पान गचाळ दिसते. हे दोन्ही निकाल होते, वर्णन नव्हे, आणि असल्या शब्दांवर मी अभिप्राय देत नाही. मी तिला एक कोरा कागद दिला, त्यावर पानाची चौकट काढायला सांगितली आणि उत्तरातला एकही शब्द न लिहिता समास, परिच्छेद, खाडाखोड आणि आकृती यांच्या जागा केवळ रेघांनी दाखवायला लावल्या. अक्षराविषयी मी इतकेच विचारले, की शिरोरेषा ओळीबरोबर सरळ जाते की उजवीकडे वर चढते, आणि मात्रा वरच्या ओळीला टेकतात का. मात्रा टेकत होत्या, म्हणजे अडचण अक्षराची कमी आणि दाटीची जास्त होती.

प्रश्न गोव्यातल्या खाडीकाठच्या, बांध घालून केलेल्या खाजन शेतीवरचा, 10 गुणांचा आणि 150 शब्दांचा होता. सरावाच्या कागदावर त्यासाठी 24 ओळींचे एक पान होते. तिच्या चौकटीत प्रस्तावनेनेच 9 ओळी व्यापल्या होत्या. तिच्या एका ओळीत साधारण 8 शब्द बसतात, म्हणजे 72 शब्द, जवळजवळ निम्मे उत्तर, प्रस्तावनेतच संपले होते. म्हणूनच बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारे मानस दाखवणारी आकृती, जी या उत्तरात खरे काम करते, ती तळाच्या कोपऱ्यात नावांशिवाय कोंबली गेली होती.

आठवणीवर मात्र किती विसंबावे? चुका ठळक आठवतात, नीट जमलेले विसरले जाते. त्यामुळे तोच प्रश्न मी तिला तिथेच 7 मिनिटे लावून पुन्हा लिहायला दिला. तीन तासांत एकूण 250 गुणांचे 20 प्रश्न असतात, त्यामुळे 10 गुणांच्या उत्तराला साधारण एवढाच वेळ मिळतो. प्रस्तावना पुन्हा 8 ओळींची झाली आणि आकृतीला वेळच उरला नाही. प्रस्तावनेच्या लांबीबाबत तिची आठवण खरी ठरली, असे मी मानले. आकृतीचा नेमका आकार आणि खाडाखोडीचे प्रमाण यांवर मात्र मी मत दिले नाही, कारण ते मूळ कागद पाहिल्याशिवाय ठरत नाही.

पुढच्या खेपेस तिने प्रस्तावना 3 ओळींत आवरली, आकृतीसाठी आधीच 6 ओळी रिकाम्या सोडल्या आणि मानसाच्या दरवाजाला नाव दिले. त्या वेळी फोटो तिने पानाच्या सरळ वरून घेतले होते. तिरकस फोटोत सरळ ओळीही चढलेल्या दिसतात.