प्रोबेशन वाढवल्याचे पत्र आणि त्यातून खोडलेले एक कारण

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीत एका इंजिनिअरचे प्रोबेशन तीन महिने वाढवायचे आहे. त्याला हे कसे सांगावे आणि पत्रात नेमके काय लिहावे?

आधी बोला आणि त्याच दिवशी पत्र द्या. आणि हे दोन्ही मूळ मुदत संपण्यापूर्वी करा. ‘कामगिरी समाधानकारक नसल्याने’ या एका ओळीचे पत्र देणार असाल तर ते न दिलेलेच बरे. अशा पत्राने समोरच्याला काय सुधारायचे ते कळत नाही आणि पुढे वाद झाला तर तुमच्याही हाती काही उरत नाही. यावरून माझे आणि आमच्या तेव्हाच्या कारखाना व्यवस्थापकांचे जे वाजले, ते आजही पूर्ण मिटलेले नाही.

मी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये मनुष्यबळ विभाग सांभाळत होतो. एका क्वालिटी इंजिनिअरचे सहा महिन्यांचे प्रोबेशन ३१ डिसेंबरला संपत होते. व्यवस्थापकांनी मला दोन कारणे सांगितली. पहिले असे की आवक मालाचे तपासणी अहवाल उशिरा येतात. दुसरे असे की ऑक्टोबरमध्ये २५ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या भोकाचे, बुश ग्राहकाकडून परत आले, कारण बोअर अरुंद होते आणि ग्राहकाचा शाफ्ट आत जात नव्हता. बोअरमध्ये घालून माप तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू, म्हणजे योग्य बोअरमध्ये जी शिरायलाच हवी ती, झिजली होती. ती झिजून बारीक झाली की अरुंद बोअरमध्येही सहज शिरते आणि चुकीचा नग पास होतो. त्या गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती.

दुसरे कारण वजनदार दिसत होते, म्हणून साहेबांना तेच पत्रात वर हवे होते. मी गेजचे रजिस्टर मागवले, तर कॅलिब्रेशनची जबाबदारी दुसऱ्याच माणसाच्या नावावर होती आणि या मुलाला ते रजिस्टर नोव्हेंबरमध्ये सोपवलेले होते. मी ते कारण खोडले. जे काम ज्याच्या हातात नव्हते ते त्याच्या माथी मारले की पत्रातील खरी कारणेही खोटी वाटू लागतात.

उरलेले कारण मात्र मी आकड्यांत मांडले. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्याने ४६ अहवाल केले होते आणि त्यांपैकी १७ दोन दिवसांहून अधिक उशिरा आले होते. अहवाल येईपर्यंत माल लाल पट्टीच्या आत पडून राहतो, स्टोअरला तो देता येत नाही, आणि दोनदा त्यामुळे टर्निंगची मशीन थांबली होती. त्या दोन्ही तारखा पत्रात घातल्या. चौकशी केली तेव्हा कळले की तो वहीत नोंदी घेऊन आठवड्याच्या शेवटी एकदमच टाइप करतो. म्हणून जानेवारीपासून तपासणीच्या टेबलावर संगणक देण्याचे कंपनीचे आश्वासनही त्याच पत्रात लिहिले.

लक्ष्य एकच ठेवले : अहवाल माल आल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर पूर्ण व्हावा आणि महिन्याला उशिराचे दोनच चालतील. वाढीव मुदत १ जानेवारी ते ३१ मार्च, मधला आढावा १५ फेब्रुवारीला आणि अंतिम आढावा २५ मार्चला. आढावा कोण घेणार तेही नाव घालून लिहिले. अंतिम आढावा मुदतीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, कारण निर्णयाचे पत्र ३१ मार्चच्या आत हाती पडायला हवे.

२६ डिसेंबरला मी त्याला बसवून पहिल्याच वाक्यात सांगितले, “तुमचे प्रोबेशन तीन महिने वाढवत आहोत.” चहापाणी, घरची विचारपूस यांत वेळ घालवला की माणूस कान टवकारून बसतो आणि पुढचे त्याला ऐकू येत नाही. त्याने विचारले, “म्हणजे सर, मला काढणार का?” मी म्हणालो की हे लक्ष्य गाठले तर कायम करू, नाही गाठले तर सेवा संपू शकते, पगार आहे तसाच राहील. त्याची सही ‘पत्र मिळाले’ एवढ्यापुरतीच घेतली आणि ‘मान्य’ हा शब्द मुद्दाम टाळला.

उशिराचे अहवाल जानेवारीत दोन, फेब्रुवारीत एक आणि मार्चमध्ये एकही नाही, असा हिशेब झाला आणि १ एप्रिलपासून तो कायम झाला. साहेबांचे म्हणणे आजही असे की गेजचे कारण लिहिले असते तर तो अधिक घाबरून अधिक लवकर सुधारला असता. मला ते मुळीच पटत नाही.

एक गोष्ट खरे तर वरच लिहायला हवी होती. नियुक्तिपत्रात मुदत वाढवण्याची तरतूद आहे का आणि कमाल मर्यादा किती, हे आधी पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या प्रकरणात म्हटले आहे की नियमांत कमाल मुदत ठरलेली असताना तिच्यापुढे सेवा चालू ठेवली तर कर्मचारी कायम झाला असे धरले जाऊ शकते. तुमचा माणूस स्थायी आदेश, म्हणजे आस्थापनेतील सेवाशर्तींचे कायद्याखालील नियम, लागू असलेल्या कामगारांत मोडत असेल, तर तिथली मुदत नियुक्तिपत्रापेक्षा वरचढ ठरते. तेव्हा पत्राचा मसुदा करण्याआधी नियुक्तिपत्र कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.