मराठी व्हॉइसओव्हरमध्ये श्रोत्याला ‘आपण’, ‘तुम्ही’ की ‘तू’?

प्रश्न: आमच्या ग्रंथालयाच्या ॲपची माहिती देणारा ऑडिओ करायचा आहे. ऐकणारे तीन प्रकारचे: नेहमीचे सभासद, ज्येष्ठ नागरिक आणि आठ-दहा वर्षांची मुलं. श्रोत्याला ‘आपण’ म्हणू, ‘तुम्ही’ की ‘तू’? सगळ्यांना एकच चालेल का?

उत्तर:

सभासद आणि ज्येष्ठ या दोघांसाठी ‘तुम्ही’ची एकच संहिता पुरेल. मुलांसाठी ‘तू’ची वेगळी लिहा. आदरार्थी ‘आपण’ या कामात टाळाच. कारण औपचारिकतेचं नाही, अर्थाचं आहे, आणि नुसतं ऐकताना ते फार नडतं.

‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे. (बोलीत ‘आपण नाही बुवा जाणार’ असा ‘मी’च्या अर्थानेही येतो, तो इथे सोडून देऊ.) यातला कोणता अर्थ घ्यायचा हे क्रियापद ठरवतं. ‘आपण पुस्तक निवडता’ म्हणजे तुम्ही, ‘आपण पुस्तक निवडतो’ म्हणजे सगळे. ‘निवडाल’ आणि ‘निवडू’ यांचंही तसंच. पण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत वाट पाहावी लागते. छापील मजकुरात डोळा क्षणात पुढे जातो, कानाला ती सोय नाही.

खरी अडचण पुढे आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की ते बहुतेक वेळा कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘आपण पुस्तक निवडलं’ यात निवडणारा कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘निवडलंत’ असा ‘त’ लावला तर कळतं, पण घाईत वाचताना तो ‘त’ हमखास गिळला जातो. ‘आपण निवडलेलं’, ‘आपण निवडल्यावर’, ‘आपण निवडायचं’, ‘आपण निवडावं’ या रूपांना तर पुरुषाचा प्रत्यय सहसा नसतोच, त्यामुळे तिथे दोन्ही अर्थ उघडे राहतात. सूचनांच्या संहितेत नेमकी हीच रूपं सर्वांत जास्त येतात.

‘आपला’चं दुखणं आणखी वाढीव, कारण त्याला तिसरा अर्थही आहे: स्वतःचा. ‘आपला सभासद क्रमांक’ म्हणजे तुमचा, आपल्या सगळ्यांचा की ज्याचा त्याचा? ‘आपलं ग्रंथालय’ म्हणताना तुम्हाला सगळ्यांचं म्हणायचं असतं आणि पुढच्याच वाक्यातल्या ‘आपला पासवर्ड’मध्ये फक्त श्रोत्याचा. दोन्ही एकाच ऑडिओत नकोत.

आता तुमच्या ॲपचाच एक तुकडा घेऊ. कार्यालयीन वळणाने लिहिला तर तो साधारण असा होतो:

‘आपण आपला मोबाइल क्रमांक भरावा. त्यानंतर आपण पाठवलेला ओटीपी आपल्याला प्राप्त होईल. आपण तो भरल्यावर आपली नोंदणी पूर्ण होईल.’

दुसऱ्या वाक्यापाशी श्रोता अडतो. ओटीपी पाठवला कोणी? व्याकरणाने पाहिलं तर तो श्रोत्याने पाठवला असाही अर्थ निघतो, आणि मग तो काहीतरी पाठवायचं बटण शोधत बसतो. हाच तुकडा असा करा:

‘तुमचा मोबाइल क्रमांक लिहा. त्यावर आम्ही एक ओटीपी पाठवू. तो खालच्या चौकटीत भरा. की झाली नोंदणी.’

इथे ‘तुम्ही’ हा शब्द एकदाही आलेला नाही, हे पाहा. ‘लिहा’, ‘भरा’ या रूपांतच तो आहे. मराठीत सर्वनाम गाळलं तरी माणूस कळतो, म्हणून सर्वनाम ठरवणं म्हणजे खरं तर क्रियापदाचं रूप ठरवणं. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘तुम्ही’ने केली तर आवाजात आपोआप बोट दाखवल्यासारखा सूर येतो. ‘तुम्ही’ तिथेच ठेवा जिथे ‘आम्ही’शी फरक दाखवायचा आहे. चूक किंवा थकबाकी सांगणाऱ्या वाक्यातून तर तो काढूनच टाका. ‘तुम्ही चुकीचा क्रमांक टाकलात’ याऐवजी ‘हा क्रमांक जुळत नाही, पुन्हा टाका’. ‘तुम्ही पुस्तक वेळेवर परत केलं नाहीत’ याऐवजी ‘पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली आहे’.

ज्येष्ठांसाठी तरी ‘आपण’ हवं, असा आग्रह ग्रंथालयाकडून येईल. ‘तुम्ही’त आदर पुरेसा आहे. वडीलधाऱ्यांशी अहो-जाहो करताना आपण ‘तुम्ही’च वापरतो. ‘आपण’ हवंच ही समजूत बहुतेक वेळा हिंदीतल्या ‘आप’वरून येते, पण ‘आप’च्या जागी मराठीत ‘तुम्ही’च बसतं. आदरार्थी ‘आपण’ निमंत्रणात, सभेत, पत्रात शोभतं: ‘आपण अवश्य उपस्थित राहावे’. सूचनांमध्ये ते आलं की सोबत ‘भरावा’, ‘निवडावे’, ‘करू नये’ अशी रूपं ओढून आणतं, आणि मग ही आज्ञा आहे की नुसता सल्ला, हेच कळेनासं होतं. ज्येष्ठांना लांब पल्ल्याच्या आदरापेक्षा छोटी वाक्यं आणि दोन पायऱ्यांमध्ये थोडा थांबा जास्त उपयोगी पडतो. उलट बाजूचा धोकाही आहे. ‘आता आपण चष्मा लावायचा आणि हिरवं बटण दाबायचं हं’ असं सगळ्यांना सामावून घेणारं ‘आपण’ मोठ्या माणसाच्या कानाला लहान मुलाची समजूत काढल्यासारखं लागतं.

मग हे सगळ्यांचं ‘आपण’ कुठे वापरायचं? विषय उघडताना किंवा बदलताना: ‘आता पुस्तक राखून कसं ठेवायचं ते पाहू.’ व्हिडिओत पडद्यावर तुम्ही करून दाखवत असाल तर ‘इथे आपण लेखकाचं नाव टाकू’ हेही चालतं, कारण कोण टाकतंय ते दिसतं. पण नुसत्या ऑडिओत ‘आपण बटण दाबू’ ऐकून अर्धे लोक दाबतील आणि उरलेले पुढे काय होतं याची वाट पाहतील. श्रोत्याच्या बोटाने करायची कृती नेहमी थेट आज्ञार्थात सांगा.

‘तुम्ही’त एक बारीक सापळा आहे. क्रियापदाला लिंग नडत नाही, पण विशेषण आणि विशेषणासारखं वापरलेलं कृदन्त यांना नडतं. ‘तुम्ही गोंधळलेले असाल’ हे बाईंच्या बाबतीत ‘गोंधळलेल्या’ व्हायला हवं. नामावर वाक्य उभं केलं की प्रश्न मिटतो: ‘गोंधळ उडाला असेल’, ‘कंटाळा आला असेल’.

मुलांच्या संहितेत आधी ठरवा की ऐकणारं मूल एकटं आहे की वर्ग. वर्गासमोर लावायचा ऑडिओ असेल तर ‘मुलांनो, वह्या काढा’ असंच येईल. ते ‘तुम्ही’ आदराचं नसून निव्वळ अनेकवचनी असतं. ॲप मात्र मूल एकटं, कानाला लावून ऐकणार, म्हणून ‘तू’. ‘तू’ म्हणजे अनादर, ही भीती मुलांच्या बाबतीत बाळगू नका. आठ वर्षांच्या मुलाला एकट्याला ‘तुम्ही’ म्हटलं तर ते मागे वळून बघेल.

‘तू’ची अडचण वेगळी आहे, आणि बहुतेक संहिता तिथेच फसतात: मुलगा की मुलगी? ‘करतोस-करतेस’, ‘आलास-आलीस’, ‘शकतोस-शकतेस’. दोन्ही रूपं एकापाठोपाठ वाचली तर ऐकायला कंटाळवाणी होतात, आणि नुसतं पुल्लिंग ठेवलं तर निम्म्या श्रोत्यांना ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. सुदैवाने मराठीत लिंग न दाखवणारी ‘तू’ची रूपं भरपूर आहेत. आज्ञार्थ: ‘निवड, दाब, लिही’. भविष्य: ‘निवडशील’. सकर्मक भूतकाळ: ‘गोष्ट ऐकलीस का?’ (इथली ‘ई’ गोष्टीची आहे, मुलीची नाही.) आणि ‘तुला’ने सुरू होणारी सगळी वाक्यं: ‘तुला आवडेल’, ‘तुला दिसेल’, ‘तुला वाचता येईल’. या चौकटीत राहिलात की अडचण येत नाही. जी वाक्यं बाहेर पडतात ती अशी वळवा: ‘तू आता पुस्तक वाचू शकतोस’ याचं ‘आता तुला हे पुस्तक वाचता येईल’. ‘कुठे राहतोस?’ याचं ‘तुझं घर कुठे आहे?’. ‘कोडं सोडवून जिंकलास!’ याचं ‘कोडं सुटलं! शाब्बास!’.

मुलांसाठी वरचाच तुकडा मग असा होईल: ‘आईचा किंवा बाबांचा फोन नंबर लिही. त्या फोनवर एक ओटीपी येईल. तो त्यांना विचारून खालच्या चौकटीत भर. भरलास? आता तुला पुस्तकांची कपाटं दिसतील.’ ‘भरलास’ ऐकून बिचकू नका, तो ‘ला’ ओटीपीचा आहे. तरीही मुलींना खटकेल असं वाटलं तर ‘झालं भरून?’ म्हणा, मी तेच पसंत करीन.

रेकॉर्डिंगआधी एक तपासणी कराच. संहितेच्या फाइलमध्ये ‘आपण’ आणि ‘आपल’ हे दोन शब्दतुकडे शोधा. दुसऱ्यात ‘आपला, आपली, आपल्याला’ सगळं सापडतं. प्रत्येकापुढे लिहा: श्रोता, सगळे की स्वतःचा. ‘श्रोता’ लिहिलेलं प्रत्येक ठिकाण ‘तुम्ही/तुमचा’ किंवा ‘तू/तुझा’ करा, नाहीतर सर्वनाम गाळा. ‘स्वतःचा’ असेल तिथेही ‘तुमचा’ बहुतेक वेळा जास्त स्वच्छ ऐकू येतं. मग पडदा न दाखवता कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक सूचनेनंतर विचारा, ‘हे कोण करणार?’ उत्तर द्यायला माणूस अडखळला की ते वाक्य पुन्हा लिहायचं.

हे सगळं स्टुडिओत जाण्याआधी ग्रंथालयाकडून लेखी मान्य करून घ्या. नंतर ‘तुम्ही’चं आदरार्थी ‘आपण’ करायचं ठरलं, तर ‘लिहा’, ‘भरा’ अशी वाक्यं तशीच राहतात आणि सर्वनाम असलेली थोडी वाक्यंच पुन्हा बोलावी लागतात. ‘तुम्ही’चं ‘तू’ करायचं ठरलं तर मात्र जवळजवळ प्रत्येक क्रियापद बदलतं, जोडकाम करून भागत नाही, आणि निवेदकाला पूर्ण ऑडिओसाठी परत बोलवावं लागतं.