नालीत नाही, पण मग कुठे?

प्रश्न: नागपुरात छोटं गॅरेज टाकलंय, दोन मेकॅनिक आहेत. निघालेलं इंजिन ऑइल, जुने फिल्टर आणि कूलंट कुठे द्यायचं? भंगारवाला ऑइलचे रोख पैसे देतो. त्यालाच सगळं देऊन टाकलं तर काय बिघडतं?

भंगारवाल्याला देऊ नका. का, ते खाली सांगतो. पण तुम्ही कूलंट सगळ्यात शेवटी लिहिलंय ना, तिथेच माझं दुखणं आहे. आमच्या गॅरेजमध्येही कूलंटचा विचार शेवटीच व्हायचा, आणि त्यापायी आमचा अख्खा ड्रम वाया गेला.

नंदनवनला आमचं गॅरेज आहे, मोठा भाऊ आणि मी मिळून चालवतो. आठवड्याला साधारण 30-35 लिटर काळं ऑइल निघतं, म्हणजे 210 लिटरचा ड्रम दीड महिन्यात भरत येतो. ऑइलला पैसे मिळतात म्हणून त्याला ड्रम होता, झाकण होतं, जागा होती. कूलंटला कोणी विचारत नाही, म्हणून ते दादाच्या पहिल्या दिवसापासूनच्या पद्धतीप्रमाणे नालीत जायचं. एका उन्हाळ्यात गॅरेजच्या दारात राहणारं कुत्रं नालीजवळच्या डबक्यातलं हिरवं पाणी चाटताना दिसलं. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकोल चवीला गोड असतं. जनावर ते आवडीने पितं, आणि पोटात गेल्यावर शरीरात त्याचे जे खडे होतात ते किडन्या बंद पाडतात. कुत्रं तिसऱ्या दिवशी गेलं. मी त्याच दिवशी सगळ्यांना ओरडून सांगितलं की आजपासून कूलंटचा एक थेंब नालीत दिसला तर बघा.

सांगितलं एवढंच. कुठे टाकायचं ते सांगितलं नाही.

पुढे मे महिना. नागपूरचा मे, गाड्या उकळायला लागल्या की रेडिएटर, होस पाइप, वॉटर पंप हेच काम. लहान कारमधून एका वेळी 3-4 लिटर कूलंट निघतं. महिन्याभरात अशा सात-आठ गाड्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला अधिकृत रिसायकलरची गाडी ऑइल न्यायला आली. त्यांच्या माणसाने लांब नळी अंगठ्याने बंद करून ड्रमच्या तळापर्यंत घातली, अंगठा सोडला, परत दाबून वर काढली. नळीत खाली हिरवट पाणी, वर दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी. त्याने ड्रमच्या मधल्या थरातले दोन थेंब छोट्या गरम प्लेटवर टाकले. फोडणीत मोहरी टाकल्यासारखं तडतडलं.

"भाऊ, हे नाही चालत. याच्यात कूलंट हाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी हेल्पर पोराकडे. पोरगं म्हणालं, "तुमीच तं म्हणलं होतं नालीत नाही टाकायचं. मंग मी कुठी टाकू?"

दादाचं म्हणणं त्या दिवसापासून आजपर्यंत एकच: नालीत गेलं असतं तर ड्रम वाचला असता. त्याने पोराच्या पगारातून दोन हजार कापले. पोरगं पुढच्या महिन्यात दुसऱ्या गॅरेजला गेलं, आणि चांगलं काम करणारं पोरगं होतं ते.

ड्रम वाचवायचा प्रयत्न आम्ही केला, तो सांगतो, कारण तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही हेच कराल. ड्रममध्ये अंदाजे 170 लिटर ऑइल आणि 25 लिटरच्या आसपास कूलंट होतं. कूलंट ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं. म्हणून ड्रम न हलवता आठ दिवस ठेवला आणि हातपंपाची नळी तळाला टेकवून हळूहळू ओढलं. 15-16 लिटर हिरवट पाणी निघालं. आम्हाला वाटलं, झालं. वरचं ऑइल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहिलं तर तसंच धुरकट. थेंब तव्यावर टाकला, परत तडतड.

इंजिन ऑइलमध्ये मळ तळाशी बसू नये, तरंगत राहावा म्हणून रसायनं घातलेली असतात. इंजिनात तेच हवं असतं. पण ड्रममध्ये तीच रसायनं कूलंटचे बारीक थेंबही धरून ठेवतात, सोडत नाहीत. त्यात पोराने रोज वरून ओतून ओतून ते चांगलं घुसळलेलं. दादा म्हणाला तापवू, पाणी उडून जाईल. पाणी 100 अंशाला उडेल, ग्लायकोल उकळायला 197 अंश लागतात, म्हणजे पाणी जाईल आणि नेमकं जे नको ते मागे राहील. रिसायकलरला तेच सगळ्यात जास्त नडतं, कारण ऊर्ध्वपातनाच्या तापमानाला त्याचा चिकटा होऊन नळ्यांत बसतो. शिवाय पाणी मिसळलेलं ऑइल तापताना फेसाळून उतू जातं आणि पेटतं. गॅरेजमध्ये हा उद्योग कोणी करू नये.

शेवटी तो ड्रम घातक कचरा म्हणून बुटीबोरीच्या सामूहिक सुविधेकडे पाठवावा लागला. जिथे पाच हजारांच्या आसपास मिळायचे तिथे वाहतुकीसकट जवळपास तेवढेच पदरचे गेले.

आता आमच्याकडे ऑइलच्या ड्रमशेजारी 35 लिटरचा एक निळा कॅन आहे, त्यावर ऑइल पेंटने ‘कूलंट’ लिहिलंय, आणि त्याचा फनेल त्यालाच साखळीने बांधलाय. ऑइलच्या फनेलला झाकण आणि कुलूप आहे. ब्रेक ऑइलला वेगळी बाटली, कारण नावात ऑइल असलं तरी ते ग्लायकोलच्याच जातीचं असतं. पार्ट धुतलेलं पेट्रोलही ड्रममध्ये नाही, त्याने अख्खा ड्रम सहज पेट घेणारा होतो. मी हे गेली काही वर्षं दादाला सांगतोय: चूक पोराची नव्हती, आणि नालीत टाकू नको म्हणणंही चूक नव्हतं. कॅन नव्हता. दीड-दोनशे रुपयांचा कॅन नव्हता.

कॅन ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. निघणाऱ्या कूलंटपैकी निम्मं तर फेकायची गरजच नसते. थर्मोस्टॅट किंवा होस बदलायला काढलेलं कूलंट वर्षभरापूर्वीच घातलेलं असेल, स्वच्छ असेल, गंज किंवा तेलाचा तवंग नसेल, तर स्वच्छ ट्रेमध्ये धरा आणि त्याच गाडीत गाळून परत भरा. मुदत संपलेलं किंवा तपकिरी झालेलं मात्र कॅनमध्येच. जुन्या पितळी रेडिएटरच्या डाखातलं शिसंही त्यात उतरलेलं असतं.

फिल्टरचं थोडक्यात. कारचा डबा-फिल्टर काढला की आत पेलाभर ऑइल राहतं, कारण आतला रबरी वॉल्व्ह ते परत जाऊ देत नाही. इंजिन गरम असतानाच फिल्टर काढा, वरच्या घुमटाला पंचने भोक पाडा, आणि जाळीवर उलटा करून किमान 12 तास निथळू द्या. आम्ही संध्याकाळी मांडतो, सकाळी उचलतो. एकदा अकरा फिल्टरांतून दीड लिटरच्या वर निघालं. थंड झाल्यावर तासभर ठेवून काही होत नाही, घट्ट ऑइल कागदातून सुटतच नाही. निथळलेल्या फिल्टरचा कागदही तेलकटच असतो, तेव्हा ते रोजच्या कचऱ्यात नाही. वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ऑइल नेणारा ते घेतो का हे आधीच ठरवून घ्या.

आता भंगारवाला. तो जास्त भाव देतो हे खरं आहे. कूलंट मिसळलंय का हे तो बघतही नाही, आणि दादाचा दुसरा मुद्दा हाच असतो. तो बघत नाही कारण त्याचं ऑइल रिसायकल होतच नाही. ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लागतं, भट्टीत जळतं, नाहीतर रंग उतरवून, बाटलीत भरून परत आपल्याच गिऱ्हाइकाच्या इंजिनात येतं. म्हणून नव्या ऑइलच्या रिकाम्या बाटल्याही कापूनच भंगारात द्या. आणि कागदावर तो ड्रम तुमचाच राहतो. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं, 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नसतं, आणि ते नेताना मॅनिफेस्ट, म्हणजे फॉर्म 10, भरायचा असतो. गाडीवाल्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्राची प्रत मागा. त्यात ‘वापरलेलं ऑइल’ आहे का आणि तारीख उलटलेली नाही ना, एवढं वाचा. प्रत द्यायला कुरकुरला तर त्याला ड्रमला हात लावू देऊ नका.

नालीवाल्यांसाठी एक वाक्य: नागपूरच्या नाल्यांचं पाणी नागनदी, पिवळी नदी करत कन्हानला जातं, तिथून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या धरणात. आमचे मामा भंडाऱ्याकडे तेच पाणी शेतीला घेतात. दादाचेही मामाच ते.

राहून गेलं ते: तव्यावरची चाचणी थेंबभरच ऑइलवर, उघड्यावर, चष्मा लावून करा, आणि ऑइलमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर करूच नका. तडतड पाण्यामुळे होते, त्यामुळे ती आली म्हणजे कूलंटच असं नाही, पावसाळ्यात उघड्या ड्रममध्ये शिरलेलं पाणीही तसंच वाजतं. तुमच्या आकाराच्या गॅरेजला संमतिपत्र कुठलं लागतं ते सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आमच्याकडे फोर-व्हीलर जास्त आहेत. तुमच्याकडे नुसत्या टू-व्हीलर असतील तर गाडीमागे एक लिटर ऑइल आणि कूलंट जवळजवळ नाहीच, मग ड्रमऐवजी 50 लिटरचे दोन कॅन पुरतात, आणि 90 दिवसांत तेवढंच जमेल. एवढ्याशा मालासाठी गाडी येत नाही, तेव्हा शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोलून एकच दिवस ठरवा, पण ज्याचा कॅन त्याचा वेगळाच ठेवा. एकाने कूलंट घातलं तर सगळ्यांचं परत जाईल.

दादाला हे उत्तर मी पाठवणार आहे. पोराचे दोन हजार मी त्याला नंतर माझ्या खिशातून दिले, ते दादाला माहीत नाही. आता होईल.