पीएमपीचे तीन महिने: मॉक कधी द्यायचा आणि दिल्यावर काय करायचं

प्रश्न: मिहानमध्ये नोकरी करतो, सात वर्षांचा अनुभव आहे. सकाळी एक-दीड तास आणि रविवार एवढाच वेळ मिळतो. तीन महिन्यांत पीएमपी ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा होईल का? मॉक टेस्ट कधीपासून आणि किती द्यायच्या?

होईल. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रोजेक्ट्स विभागात आहे, इलेक्ट्रिकलची. माझ्याकडेही तेवढाच वेळ होता: सकाळी साडेपाच ते पावणेसात, मग कंपनीची बस, आणि रविवारी चार-पाच तास. आठवड्याला साधारण अकरा तास, म्हणजे बारा आठवड्यांत एकशे तीसच्या आसपास. तेवढे पुरतात, पण त्यातले निम्मे मॉक आणि मॉकच्या चिरफाडीवर गेले पाहिजेत. मी आधी उलटं करत होते. दीड महिना नुसतं वाचन चाललं होतं आणि वाटत होतं की सगळं येतंय.

आधी एक गोष्ट बघून घ्या. जुलै 2026 पासून परीक्षेची नवी रूपरेषा आहे. मी दिली ती जुन्या रूपरेषेवर, तेव्हा पीपल 42 टक्के, प्रोसेस 50 आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट फक्त 8 टक्के होतं. नव्यात हा शेवटचा भाग 26 टक्क्यांवर गेला आहे. परीक्षा घेणाऱ्या पीएमआयच्या साइटवरून तुमच्या तारखेला लागू असलेली रूपरेषा उतरवून घ्या, मित्राच्या जुन्या नोट्सवर जाऊ नका. खाली वेळेचे आकडे दिलेत ते जुन्या परीक्षेचे आहेत, 180 प्रश्न आणि 230 मिनिटं. तुमच्या रूपरेषेतले आकडे घालून तोच हिशेब मांडा.

पहिले चार आठवडे 35 तासांच्या कोर्सचे. अर्जासाठी तो लागतोच, त्यामुळे कोर्स आणि पहिलं वाचन एकच समजा. याच काळात अर्जातली प्रोजेक्टची वर्णनं लिहून ठेवा. चार वर्षांची डिग्री असेल तर 36 महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. इथे लोक 'टेस्टिंग केलं, कमिशनिंग केलं' असं लिहितात. ते तुमचं तांत्रिक काम झालं. वेळापत्रक कोणी बांधलं, व्हेंडरशी कोण बोललं, बदल कोणी मंजूर करून घेतला, ते लिहा. काही अर्ज ऑडिटला निघतात आणि मग जुन्या साहेबांकडून अनुभवावर सही आणावी लागते. माझे एक साहेब तोवर नोकरी सोडून पुण्याला गेले होते. ऑडिट आलं नाही, पण त्यांना आधीच फोन करून ठेवला होता म्हणून रात्री झोप लागत होती.

चौथ्या रविवारी 60 प्रश्नांचा छोटा मॉक द्या. मार्कांकडे बघू नका. एका प्रश्नाला तुम्हाला किती वेळ लागतो एवढंच त्यातून कळतं.

पुढचं वेळापत्रक असं: पूर्ण मॉक सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि अकराव्या रविवारी, परीक्षा बाराव्या आठवड्याच्या शनिवारी. मधले रविवार, पाचवा, सातवा आणि नववा, मोकळे दिसतात पण मोकळे नाहीत. पाचव्यात कोर्समधलं राहिलेलं संपवायचं, सातव्यात आणि नवव्यात आदल्या मॉकची चिरफाड. मी पीएमआयचा स्टडी हॉल वापरला. त्याच्या मोठ्या पॅकमध्ये पाच पूर्ण मॉक येतात. चार असे वापरले आणि पाचव्याचे तीन तुकडे करून सकाळी सोडवले. एकच मॉक दुसऱ्यांदा देऊ नका. उत्तरं आठवतात, टक्के वाढतात आणि आपलीच फसवणूक होते.

दर आठवड्याला एक मॉक देणारे लोक ऑफिसात दिसतील. मीही आधी तसंच ठरवलं होतं. पण चार तासांच्या मॉकची नीट तपासणी करायला मला सहा तास लागले. ते सहा तास नसतील तर पुढचा मॉक त्याच चुका पुन्हा मोजतो, बाकी काही करत नाही.

आता तपासणी. पहिल्या पूर्ण मॉकमध्ये माझे 180 पैकी 105 बरोबर आले, 58 टक्के. तोंड उतरलं होतं. मग शंभर पानी वही घेतली आणि चुकलेल्या 75 प्रश्नांपुढे एकेक अक्षर लिहिलं. 'न' म्हणजे संकल्पनाच माहीत नव्हती. 'द' म्हणजे दोन पर्यायांवर आले आणि चुकीचा उचलला. 'व' म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही. 'घ' म्हणजे घड्याळ बघून घाईत टिक केलं. बेरीज निघाली न 27, द 33, व 9, घ 6.

मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेणार होते. वहीने सांगितलं की त्याने 75 पैकी फक्त 27 चुकांवर इलाज होईल. सगळ्यात मोठा ढीग 'द'चा होता आणि तो वाचून कमी होत नाही.

'द' कसा दिसतो ते सांगते. हा प्रश्न मी माझ्या शब्दांत बांधलाय, पण धाटणी तीच. ट्रान्सफॉर्मर दोन आठवडे उशिरा येणार असं व्हेंडरने कळवलं. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वात आधी काय करावं? (क) दुसऱ्या शिफ्टमध्ये माणसं लावून वेळ भरून काढावा. (ख) स्पॉन्सरला कळवावं. (ग) टीमसोबत बसून वेळापत्रकावरचा परिणाम तपासावा. (घ) चेंज रिक्वेस्ट टाकावी.

मी डोळे मिटून 'क' केलं असतं, कारण साइटवर मी खरंच तेच करते. व्हेंडरचा फोन आला की ठेवायच्या आधी फोरमनला हाक जाते. पण उत्तर 'ग' आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कामाला तीन आठवड्यांचा फ्लोट असेल तर दोन आठवड्यांच्या उशिराने शेवटची तारीख हलतच नाही. मग शिफ्टचा खर्च कशाला, आणि स्पॉन्सरला सांगणार तरी काय? परिणाम माहीत नसताना चेंज रिक्वेस्टमध्ये लिहायलाही काही नसतं. बाकी तिन्ही गोष्टी पुढे कदाचित कराव्या लागतील, पण प्रश्नात 'सर्वात आधी' आहे. आपण इंजिनियर लोक दुरुस्तीला धावतो, परीक्षा आधी मोजमाप मागते. माझे 33 पैकी निम्म्याहून जास्त 'द' याच सवयीचे निघाले.

उरलेल्यांतले बरेच दुसऱ्या जातीचे होते. स्प्रिंट चालू असताना एक स्टेकहोल्डर थेट डेव्हलपरला नवं फीचर घालायला सांगतो. मी टिक केलं 'चेंज कंट्रोल बोर्डाकडे पाठवावं'. चूक. तो प्रोजेक्ट अजाइल आहे. तिथे मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते, तो ती बॅकलॉगमध्ये कुठे बसवायची ते ठरवतो. हाच प्रश्न मंजूर बेसलाइन असलेल्या बांधकामाचा असता तर माझं उत्तर बरोबर ठरलं असतं. तेव्हापासून पर्याय वाचण्याआधी प्रश्नात स्प्रिंट, बॅकलॉग, प्रॉडक्ट ओनर असे शब्द आहेत की बेसलाइन आणि चेंज कंट्रोल, हे शोधायची सवय लावली. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर तुमचं कदाचित उलट होईल, बांधकामाच्या प्रश्नातही बॅकलॉग दिसेल.

म्हणून वहीत प्रत्येक 'द'पुढे एकच ओळ लिहायची: बरोबर पर्याय माझ्या पर्यायाच्या आधी का येतो. ॲपमधलं स्पष्टीकरण उतरवायचं नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. ओळ सुचत नसेल तर तो खरं म्हणजे 'न' आहे, त्याचा भाग पुन्हा वाचायचा. 'व'ला उपाय सोपा: लांब प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, मग वरची गोष्ट.

'घ'साठी दोन आकडे पाठ करा. 60 प्रश्न झाले की घड्याळात 154 मिनिटं उरलेली हवीत, 120 झाले की 78. त्या दोन्ही ठिकाणी दहा मिनिटांची सुट्टी मिळते, पण सुट्टीला गेलात की मागचे प्रश्न पुन्हा उघडत नाहीत. त्यामुळे खुणा केलेले प्रश्न त्या-त्या साठातच निपटायचे. मॉकमध्येही सुट्टी तशीच घ्या. मी पहिल्या मॉकमध्ये मध्येच तर्री पोहे खाऊन आले होते, तो हिशेब कुठल्याच कामाचा नव्हता.

सूत्रांची लोकांना उगाच भीती असते. आकडेमोडीचे प्रश्न थोडेच येतात. 40 लाखांच्या कामात 20 लाख खर्चून 16 लाखांचंच काम झालं, तर पुढे काय होणार, एवढं डोक्यात हवं:

```
CPI = EV / AC = 16 / 20 = 0.8
EAC = BAC / CPI = 40 / 0.8 = 50
```

म्हणजे याच चालीने गेलं तर काम 50 लाखांवर जाईल. पाठांतराला दोन सकाळी पुरेत.

दुसरा मॉक 119 बरोबर, 66 टक्के. तिसरा 128, म्हणजे 71. चौथा 131, जेमतेम 73. टक्क्यांपेक्षा मला वहीतला 'द' बघून धीर आला, 33 वरून तो शेवटी 19 वर आला होता. पास व्हायला किती टक्के लागतात हे पीएमआय जाहीर करत नाही, त्यामुळे 70 ही माझी स्वतःची रेघ. स्टडी हॉलमध्ये काही प्रश्नांवर 'एक्सपर्ट' असा शिक्का असतो. ते चुकले तर वहीत घ्या, पण त्यावरून तारीख पुढे ढकलू नका.

तारीख दुसऱ्या मॉकनंतर घ्या. परीक्षेला तीस दिवसांपेक्षा कमी उरल्यावर ती बदलायची तर वेगळे पैसे लागतात, आणि शेवटच्या 48 तासांत रद्द केली तर फीच बुडते. दुसऱ्या मॉकमध्ये 60 च्या खाली असाल तर तीनऐवजी चार महिने धरा. अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्ष हातात असतं, घाई कोणाला दाखवायची?

चौथा मॉक खऱ्या परीक्षेच्या वेळेला, त्याच खोलीत द्या. मी घरून ऑनलाइन दिली, त्यामुळे हे फार उपयोगी पडलं. मला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय आहे हे तेव्हाच नवऱ्याने दाराबाहेरून ऐकून सांगितलं, आणि ऑनलाइन परीक्षेत तोंड हललं की पर्यवेक्षक टोकतो. टेबलावर कागद-पेनही चालत नाही, स्क्रीनवरच्या व्हाइटबोर्डवर लिहावं लागतं, त्याचीही सवय करा. त्या दिवशी अकरा वाजता लाइट गेली. कूलर बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. ते मॉकमध्ये झालं म्हणून बरं. त्याच संध्याकाळी सीताबर्डीवरून वायरचा बोर्ड आणून राउटर इन्व्हर्टरला जोडला.