दिलगिरीचा मेल मुलानेच लिहावा

‘मुलगा भुसावळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमवारी सकाळी 11 वाजता पुण्याच्या एका कंपनीची इंटर्नशिपसाठी ऑनलाइन मीटिंग होती. नेमकी तेव्हाच केळी भरायला गाडी आली, म्हणून मी त्याला मळ्यात थांबवले. तो आजारी होता असा मेल मीच करतो; डॉक्टर ओळखीचे आहेत, दाखलाही मिळेल. मजकूर सांगावा.’
– एक पालक, रावेर तालुका

आपल्या पत्रात मुलाचे म्हणणे कुठेच नाही, आणि मला मीटिंगपेक्षा त्याचीच चिंता वाटते. वेळ त्याला दिलेली होती. वडिलांचा मेल आला, तर या मुलाला स्वतःचा पत्रव्यवहारही जमत नाही, एवढाच अर्थ तिथे काढला जाईल.

कारण जितके गंभीर, तितकी माफी लवकर मिळते, हा समज चुकीचा आहे. कॉलवर वाट पाहून निघून गेलेल्या अधिकाऱ्याला उमेदवार चूक मान्य करतो का आणि पुढची वेळ पाळेल का, एवढेच पाहायचे असते. आजाराचे कारण दिले, तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तब्येतीचाच येईल आणि मुलाला खोटे निभावत बसावे लागेल. शिवाय खोट्या दाखल्याने डॉक्टरही अडचणीत येतील. खरे कारण अर्ध्या वाक्यात सांगावे. त्यात आपला उल्लेख नको, कारण दोष वडिलांवर ढकलणारा उमेदवारही कोणाला आवडत नाही.

मुलाने मीटिंगची लिंक ज्या मेलमधून आली, त्यालाच आजच्या आज उत्तर द्यावे, म्हणजे समोरच्याला आधीचा संदर्भ शोधावा लागणार नाही. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल, तर हाच आशय इंग्रजीत लिहावा:

‘आदरणीय महोदया,
सोमवारी सकाळी 11 वाजता ठरलेल्या मीटिंगला मी उपस्थित राहिलो नाही आणि तसे आधी कळवलेही नाही. ही माझी चूक आहे. मी शेतातील कामात अडकलो होतो. आपला वेळ वाया गेला याबद्दल दिलगीर आहे. आपली हरकत नसल्यास गुरुवारी दुपारी 3 ते 5 किंवा शुक्रवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत मी उपलब्ध आहे. या वेळा गैरसोयीच्या असतील, तर आपण सांगाल ती वेळ मी पाळेन.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक द्यावा, वारांपुढे तारखाही लिहाव्यात. ‘आपल्या सोयीने कधीही’ एवढेच लिहिले, तर वेळ शोधण्याचे काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडते, म्हणून दोन वेळा सुचवायच्या. मात्र त्या लिहिण्याआधी गाडी भरायला दुसरा माणूस आपण सांगून ठेवा. दुसऱ्यांदा गैरहजर राहिल्यास कोणताही मजकूर उपयोगी पडणार नाही.

कामाच्या दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण पाठवावी. त्यानंतरही उत्तर नसेल, तर ती जागा गेली असे समजून त्याने दुसरीकडे अर्ज करावा. आपण मात्र त्या अधिकाऱ्यांना फोन करू नये.