'क'ला फुंकर नको

"आई, मी कमळ म्हणते तर आजीला फोनवर खमळ का ऐकू येतं? आणि आपल्या व्हिडिओत तू मध्येच गप्प का बसतेस?"

लाडक्या मनू,

आजीचे कान अगदी बरोबर आहेत. शाळेत तू 'काइट', 'कॅट' म्हणतेस, तेव्हा त्या क-बरोबर तोंडातून हवेची एक फुंकरही बाहेर येते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ती येतेच, म्हणून तिकडे कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. मराठीत मात्र ती फुंकर म्हणजेच ख. फुंकर नाही तो क, फुंकर आहे तो ख. म्हणून आपल्याकडे दोन वेगळी अक्षरं आहेत.

व्हिडिओत माझ्या ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी लटकते ना, ती याचसाठी. 'क' म्हटल्यावर ती जवळपास हलत नाही, 'ख' म्हटल्यावर उडते. हे अक्षर घशाजवळ तयार होतं, त्यामुळे फुंकर ओठांपर्यंत येता येता थोडी मंदावते. पट्टी नीट उडत नसेल तर तळहात तोंडाजवळ धर, हवा लागते का बघ. प आणि फ ओठांवरच होतात. तिथे पट्टी छान उडते, पण फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत.

आता गंमत. इंग्रजीतसुद्धा 'स'च्या मागे लपलेल्या क-ला फुंकर नसते. म्हणून 'स्काय' म्हण. मग स लांबव: स्स्स... थांब, आणि उरलेलं तेवढंच म्हण. 'काय!' हा तुझा मराठी क. त्याच तोंडाने लगेच 'कमळ' म्हण.

आणि माझं गप्प बसणं! मी म्हणते, "क. आता तू!" आणि साधारण तीन सेकंद थांबते. तेवढ्यात तुला माझं तोंड आठवायचं असतं, स्वतः म्हणायचं असतं आणि पट्टीकडे बघायचं असतं. मी तुझ्याबरोबर बोलत राहिले, तर माझ्या आवाजात तुझा क बुडून जाईल आणि तो कसा आला हे तुला कळणारच नाही. मग मी पुन्हा एकदा म्हणते, म्हणजे तुझा आणि माझा लगेच ताडून बघता येतो. फक्त त्या शांततेत 'काऽऽ' करू नकोस. क छोटाच असतो, टिचकीएवढा.

रविवारी आजीला हे वाक्य म्हणून दाखव: "काकांनी खाऊ खाल्ला." पट्टी 'काकांनी'ला शांत आणि पुढच्या दोन्ही शब्दांना हलली, तर आजी नक्की ओळखेल.

पुढच्या व्हिडिओत ट आणि त घेऊ. ट-साठी 'स्टार'मधला स काढला तरी काम भागतं. त-साठी मात्र ही युक्ती चालत नाही, कारण इंग्रजी टी-ची जीभ दातांच्या मागे हिरडीला लागते आणि आपली त-ची जीभ थेट वरच्या दातांना. तिथे आरसाच घेऊन बसू.

तुझी,
आई